हॉलमध्ये झुंबर लावावे की छताला लगटून साधा दिवा?

वाचकाचे पत्र :

"आम्ही नाशिकला नवीन फ्लॅट घेतला आहे. हॉल ११ बाय १६ फूट असून त्याला लागून ८ बाय १० फुटांची जेवणाची जागा आहे. जमिनीपासून स्लॅबपर्यंत उंची ९ फूट ५ इंच भरते. फॉल्स सीलिंग सहा इंच खाली येईल, असे काम करणारे सांगतात. दुकानात एक लोलकांचे झुंबर मनात भरले आहे. त्याचा व्यास ३० इंच, उंची ३२ इंच आणि वजन १४ किलो आहे. हॉलच्या मध्यभागी पंखा आहे आणि सासूबाईंना तो लागतोच. सहा माणसांचे डायनिंग टेबल ५ बाय ३ फुटांचे आहे. झुंबर घ्यावे का? घेतल्यास केवढे घ्यावे? की साधा दिवाच बरा? — एक वाचक, नाशिक"

सप्रेम नमस्कार.

आपण सगळी मापे लिहून पाठवलीत, त्यामुळे मोघम न बोलता उत्तर देता येते. आपल्या हॉलमध्ये झुंबर लावू नये आणि पत्रात लिहिलेले झुंबर तर घरात कुठेच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच घडणीचे, कमी घेराचे झुंबर आपल्या डायनिंग टेबलावर उत्तम शोभेल. हॉलसाठी छताला लगटून बसणारे दोन साधे दिवे घ्यावेत. असे मी का म्हणतो, ते मापांच्या आधारेच सांगतो.

झुंबराचा व्यास ठरवण्यासाठी या व्यवसायात एक सोपा हिशेब वापरला जातो. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांमध्ये मोजून त्यांची बेरीज करायची. जो आकडा येईल तितक्या इंचांचा व्यास त्या खोलीला साधारण शोभतो. आपल्या हॉलची बेरीज २७ येते, म्हणजे २७ इंच, आणि दोन-तीन इंच इकडेतिकडे झाले तरी डोळ्यांना खटकत नाही. नकाशावर मापे मीटरमध्ये असतील तर बेरजेला ८.३ ने गुणावे, म्हणजे व्यास सेंटिमीटरमध्ये मिळतो. या हिशेबाने पाहिले तर आपण पसंत केलेले ३० इंचांचे झुंबर थोडे मोठे असले तरी बसण्यासारखे वाटते, आणि दुकानदारानेही बहुधा हाच हिशेब करून ते आपल्याला दाखवले असावे.

परंतु हा हिशेब फक्त जमिनीचा आहे. खोली किती उंच आहे, झुंबराखालून कोण जाणार आहे आणि शेजारी पंखा आहे की नाही, यांतले काहीच त्याला कळत नाही. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत किंवा दुमजली उंचीच्या बंगल्यांत उंचीची अडचण नसल्याने तो हिशेब पुरेसा ठरतो. फ्लॅटमध्ये मात्र उंची आधी मोजावी लागते आणि व्यासाचा विचार त्यानंतर करावा लागतो.

आपल्या हॉलची उंची ९ फूट ५ इंच, म्हणजे ११३ इंच आहे. फॉल्स सीलिंगचे सहा इंच वजा केल्यावर १०७ इंच उरतात. जिथून माणसे ये-जा करतात तिथे झुंबराचे सर्वांत खालचे टोक जमिनीपासून किमान ७ फूट, म्हणजे ८४ इंच वर असावे. ही मर्यादा केवळ उंच माणसासाठी नसते. घरात कोणी सदरा किंवा स्वेटर डोक्यावरून काढतो, कोणी लहान मुलाला खांद्यावर घेतो, कोणी जळमटे काढायला लांब दांड्याचा झाडू फिरवतो, या सगळ्यांसाठी ती राखावी लागते. १०७ मधून ८४ गेले की २३ इंच उरतात. एवढ्या जागेत झुंबराची उंची, वरची साखळी आणि छताला टेकणारी धातूची वाटी हे सगळे मावले पाहिजे. वाटी आणि साखळीच्या एक-दोन कड्या मिळून चार इंच सहज जातात. म्हणजे प्रत्यक्ष झुंबराला १८-१९ इंचांपेक्षा जास्त उंची देता येत नाही.

आपण पसंत केलेले झुंबर ३२ इंच उंच आहे. चार इंच जोडून ते छतापासून ३६ इंच खाली येईल आणि त्याचे टोक जमिनीपासून ७१ इंचांवर, म्हणजे ५ फूट ११ इंचांवर लोंबकळेल. फॉल्स सीलिंग न करता ते थेट स्लॅबला टांगले तरी टोक ६ फूट ५ इंचांवरच येते. घरातील सगळे जण त्यापेक्षा बुटके असले तरी त्याखालून जाताना प्रत्येकाची मान आपोआप खाली झुकेल, आणि पाहुणे तर त्याला वळसा घालूनच चालतील. उंचीसाठीही एक ढोबळ हिशेब आहे : छताच्या दर फूट उंचीमागे झुंबराची उंची अडीच ते तीन इंच धरावी. नऊ फुटांच्या छताला त्याने २२ ते २७ इंच येतात. तेव्हा ३२ इंचांचे हे झुंबर मुळात अकरा-बारा फुटांच्या छतासाठी घडवलेले आहे.

दुकानात ही गोष्ट लक्षात येत नाही, यात आपला दोष नाही. दिव्यांच्या दुकानांची छते बहुधा उंच असतात, तिथे एकाच वेळी अनेक झुंबरे लागलेली असतात आणि आपण खालून वर बघत असतो. त्या गर्दीत ३० इंचांचे झुंबरही लहान दिसते. म्हणून दुकानातल्या नजरेवर विसंबू नये. तिथे टेप मागावा आणि वाटीच्या वरच्या कडेपासून सर्वांत खालच्या लोलकापर्यंतचे अंतर स्वतः मोजावे. माहितीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या उंचीत कधी साखळी धरलेली असते, कधी नसते.

आता आपण म्हणाल की, मग १८ इंच उंचीचे आणि २७ इंच व्यासाचे, चपटे असे झुंबर का घेऊ नये? तशी झुंबरे मिळतात, आणि हॉलमध्ये पंखा नसता तर मीही तेच सुचवले असते. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत हॉलचा मध्य पंख्याचा असतो आणि तो तसाच असावा, कारण नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत सासूबाईंना वारा हवा आहे आणि तो त्यांच्या बसण्याच्या जागेवरच यायला हवा.

घरोघरी असतो तो १२०० मिलिमीटरचा, म्हणजे ४८ इंच घेराचा पंखा धरला, तर मध्यापासून त्याचे पाते २४ इंच लांब जाते. पंखा मध्यावर ठेवून झुंबर त्याच्या एका बाजूला, म्हणजे पंखा आणि आखूड भिंत यांच्या बरोबर मधोमध टांगले, तर दोघांच्या मध्यांत चार फुटांचे, म्हणजे ४८ इंचांचे अंतर राहते. त्यातून पात्याचे २४ आणि झुंबराच्या निम्म्या व्यासाचे साडेतेरा इंच गेले की पाते आणि लोलक यांच्यात जेमतेम दहा इंच उरतात. टक्कर होणार नाही हे खरे; पण पंखा जोरात फिरला की लोलक सतत हलतील, एकमेकांवर आपटून किणकिणतील, आणि ते ज्या बारीक तारेच्या कड्यांत अडकवलेले असतात त्या कड्या हळूहळू उघडतील. लोलक निसटून पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. शिवाय पंख्याच्या वाऱ्यातली धूळ लोलकांवर बसत राहते, आणि झुंबर जितके पंख्याजवळ तितके ते वारंवार पुसावे लागते.

दुसरी अडचण उजेडाची आहे. नेहमीच्या दांडीवर पंख्याची पाती छताखाली सुमारे फूटभर असतात, आणि चपट्या झुंबराचे बल्बही जवळपास त्याच पातळीला येतात. दिवा पात्यांच्या किंचित वर असला तर पात्यांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर फिरतात, किंचित खाली असला तर छतावर फिरतात. काचेचा उघडा, लहान बल्ब असेल तर त्या सावल्या धारदार पडतात आणि डोळ्यांना सतत लुकलुकल्यासारखे वाटते. टीव्ही पाहणाऱ्याला हा त्रास सर्वांत आधी जाणवतो.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. झुंबर आपला मान तेव्हाच राखते, जेव्हा ते कशाच्या तरी मध्यावर असते. पंख्याच्या बाजूला सरकवलेले झुंबर कितीही महागडे असले तरी जागा मिळाली तिथे लावल्यासारखे दिसते, आणि खोलीत दोन मोठ्या वस्तू एकाच उंचीवर आल्याने नजर दोन्हींपैकी एकीवरही ठरत नाही.

म्हणून हॉलमध्ये पंख्याच्या दोन्ही बाजूंना, आखूड भिंतींपासून चार-चार फुटांवर, १२ ते १४ इंच व्यासाचे आणि तीन इंचांपेक्षा कमी जाडीचे, दुधी आवरणाचे दोन दिवे छताला लगटून लावावेत. बाजारात त्यांना सरफेस लाइट म्हणतात. प्रत्येकी १८ ते २४ वॅटचा एलईडी दिवा घेतला तर ११ बाय १६ फुटांच्या हॉलला बसण्या-बोलण्यापुरता उजेड नीट पुरतो. वाचनासाठी खुर्चीजवळ वेगळा दिवा ठेवावा, कारण छतावरचा कोणताही दिवा, मग ते झुंबर का असेना, मांडीवरच्या पुस्तकावर पुरेसा उजेड टाकत नाही. एकाऐवजी दोन दिवे सुचवण्यामागे कारण आहे. एकच दिवा लावला तर पंख्याच्या सावल्या समोरच्या भिंतीवर स्पष्ट फिरतील. दोन्ही बाजूंना दिवे असले की प्रत्येक भिंतीवर तिच्या जवळच्या दिव्याचा भरपूर उजेड पडतो आणि दूरच्या दिव्यामुळे पडलेली सावली त्यात विरून जाते. त्यासाठी दोन्ही दिवे एकाच बटणावर घ्यावेत. फॉल्स सीलिंगमध्ये लहान गोल दिवेही बसवणार असाल, तर त्यांतला एकही पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका. पात्याच्या टोकापासून दीड फूट तरी बाहेर ठेवा.

आता डायनिंग टेबलाकडे वळू. टेबलाखालून-वरून कोणी चालत नाही, त्यामुळे तिथे सात फुटांची अट लागू होत नाही आणि फ्लॅटच्या कमी उंचीतही झुंबराला मोकळेपणाने खाली उतरता येते. इथे मोजमाप खोलीचे न करता टेबलाचे करावे. आपले टेबल ३ फूट, म्हणजे ३६ इंच रुंद आहे. झुंबराचा व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत, म्हणजे १८ ते २४ इंच असावा. त्याची कड टेबलाच्या कडेपासून प्रत्येक बाजूला सहा इंच तरी आत राहिली पाहिजे, नाहीतर वाढायला वाकणाऱ्या किंवा खुर्चीतून उठणाऱ्या माणसाचे डोके त्याला लागते. आपण पसंत केलेले ३० इंचांचे झुंबर याच कारणाने इथेही बसत नाही. ते कडेपासून जेमतेम तीन इंच आत येईल. त्याच घडणीत २० ते २२ इंच व्यासाचे असेल तर जरूर घ्या.

उंचीचा हिशेब इथे अगदी वेगळा होतो. टेबल जमिनीपासून साधारण ३० इंच उंच असते, आणि झुंबराचे टोक टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३४ इंच वर असावे. त्यापेक्षा खाली आणले तर समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, आणि फार वर नेले तर झुंबर टेबलापासून तुटून छताला चिकटल्यासारखे वाटते. मधला ३२ इंचांचा आकडा धरला तर टोक जमिनीपासून ६२ इंचांवर येईल. छतापासून तिथपर्यंत ४५ इंच मिळतात, म्हणजे हॉलमध्ये ज्याला २३ इंच मिळत होते त्याला इथे जवळजवळ दुप्पट जागा मिळाली. २२ इंच व्यासाचे, २४ ते २६ इंच उंचीचे झुंबर आणि वर दीड फुटाच्या आसपास साखळी, अशी रचना या जागेत प्रमाणशीर दिसेल.

मात्र यात एक पेच आहे. आपल्या घरांत सणासमारंभाला डायनिंग टेबल भिंतीला सरकवतात. गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला किंवा पंगत मांडायची असली की टेबल हलते आणि झुंबर मात्र पाच फूट दोन इंचांवर मोकळ्या जागेत लटकत राहते. म्हणून साखळी जाड आणि कडीला कडी अडकवता येईल अशी घ्यावी, आणि वायर साखळीत सैल ओवून ठेवावी. टेबल हलवायचे त्या दिवशी साखळीची खालची कडी वरच्या कडीत अडकवून झुंबर फूट-दीड फूट वर घेता येते. ते पुरेसे वर गेले की नाही, हे दिवा बसवतानाच करून पाहा. दांडीवर बसणाऱ्या झुंबरात ही सोय नसते. त्यामुळे आपल्यासाठी साखळीचेच घ्या.

आणखी एक गोष्ट आधी तपासा. जेवणाच्या जागेतला विजेचा पॉइंट बिल्डरने त्या ८ बाय १० फुटांच्या मध्यावर दिलेला असेल. परंतु खुर्च्या मागे सरकायला आणि स्वयंपाकघरात ये-जा करायला जागा सोडली की टेबल बहुधा मध्यावर राहत नाही. झुंबर खोलीच्या मध्यावर आणि टेबल फूटभर बाजूला, ही चूक मला पुष्कळ घरांत दिसते. फॉल्स सीलिंगचे काम सुरू होण्यापूर्वी टेबल, किंवा ते आले नसेल तर त्या मापाची वर्तमानपत्रे, प्रत्यक्ष जागेवर मांडा, खुर्च्या ओढून बसून पाहा, आणि मगच टेबलाच्या मध्यावरून ओळंबा धरून छतावर खूण करा. या जागेत पंखाही हवा असेल तर तो भिंतीवरचा घ्यावा आणि त्याचा झोत झुंबरावर न येता बसणाऱ्यांवर येईल असा लावावा.

वजनाबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नका. जिप्समच्या किंवा पीओपीच्या फॉल्स सीलिंगला झुंबराचे वजन अजिबात देता येत नाही. त्याचे पत्रे आणि पट्ट्या केवळ स्वतःचे वजन पेलण्यासाठी असतात. झुंबर स्लॅबलाच टांगले गेले पाहिजे. खूण केलेल्या जागी पंख्याचा हुक असेल तर तो स्लॅबच्या सळ्यांत अडकवलेला आहे आणि गंजलेला नाही, याची खात्री करून घ्या. नसेल तर वजनाला योग्य असा अँकर फास्टनर स्लॅबमध्ये बसवून घ्या आणि त्याला जोडलेला हुक किंवा साखळी फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी खाली आणून ठेवा. साधा पंखा चार-पाच किलोंचा असतो आणि झुंबर त्याच्या कितीतरी पट भरू शकते, तेव्हा "पंखा पेलतो म्हणजे हेही पेलेल" हा युक्तिवाद ऐकू नका. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात दरबार हॉलची प्रचंड झुंबरे टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून ते तपासले होते, असे सांगतात. आपल्याला एवढे करायचे नाही. पण झुंबर आणण्यापूर्वी त्याच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती त्या हुकाला रात्रभर टांगून ठेवायला सांगणे मुळीच अवघड नाही. दुकानात वजन विचारताना लोलक आणि बल्ब धरून विचारा, कारण खोक्यात लोलक वेगळे बांधलेले असतात आणि कधी कधी नुसत्या सांगाड्याचेच वजन सांगितले जाते.

वायरमनला अर्थिंगची वायर त्या पॉइंटपर्यंत आली आहे का, हे तपासायला सांगा. साध्या दिव्यासाठी दिलेल्या पॉइंटवर पुष्कळदा दोनच वायरी असतात. धातूच्या सांगाड्याच्या झुंबराला तिसरी, अर्थिंगची वायर जोडलीच पाहिजे, कारण ते पुसताना हात थेट धातूला लागतात. आणि पुसण्यापूर्वी नुसते बटण बंद न करता त्या भागाचा एमसीबी खाली करावा.

एवढे वाचूनही हॉलमधल्या झुंबराची ओढ मनातून गेली नसेल, तर ३० इंच व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापा, तिच्याखाली ३२ इंचांची दोरी सोडून टोकाला हलकी पिशवी बांधा, आणि हे सगळे चार इंचांच्या सुतळीने छतापासून टांगून चार दिवस घरात वावरा. फॉल्स सीलिंग अजून झाले नसेल तर सुतळी आणखी सहा इंच लांब, म्हणजे दहा इंच धरा. सोफ्यावर बसून टीव्ही बघा, पंखा पूर्ण वेगाने सोडा, कपाटांची दारे उघडा आणि घरातल्या सर्वांत उंच माणसाला त्याखालून दोन-तीनदा जायला सांगा. हाच प्रयोग २२ इंचांच्या चकतीने टेबलावरही करा, आणि दुकानात आगाऊ रक्कम त्यानंतरच भरा. घेताना दहा-बारा जादा लोलक आणि मूठभर कड्या त्याच दुकानातून मागून घ्या, कारण पुढे त्याच घाटाचा लोलक मिळेलच असे नाही.